एकच फोटो टीव्हीवर करकरीत, मॅटवर धुरकट, ग्लॉसीवर मानेला पांढरी रेघ: आउटपुट शार्पनिंगचा घोळ कसा शोधला

लक्षणं आधी सांगते, म्हणजे तुमचंही हेच दुखणं आहे का ते कळेल. फोटो कॉम्प्युटरवर छान दिसतो. घरच्या प्रिंटरवर मॅट कागदावर काढला की कुणीतरी वर ट्रेसिंग पेपर ठेवल्यासारखा दिसतो. तोच फोटो लॅबमधून मोठा करून आणला की गडद आणि फिक्या भागाच्या सीमेवर पांढरी रेघ उमटते. मग आपण फाइलमध्ये शार्पनिंग कमी-जास्त करत बसतो. एक प्रिंट सुधारते, दुसरी बिघडते. पुढच्या कामाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

माझ्याकडे हे दोन वर्षं चाललं होतं. शेवटी वाशीच्या एका डॉक्टर मॅडमच्या क्लिनिकच्या कामात ते नीट उलगडलं, म्हणून त्याच कामाच्या आधाराने लिहिते.

फोटो फेब्रुवारीतला. ऐरोलीच्या जेट्टीवरून बोटीने खाडीत गेलो होतो, तेव्हा काढलेला एकटा रोहित पक्षी. मागे राखाडी पाणी, सकाळची धूसर हवा, आणि त्यावर त्या लांब मानेची वळणदार कडा. कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा, म्हणजे फाइल 6000 × 4000. मॅडमना तीन गोष्टी हव्या होत्या: केबिनमध्ये 12 × 18 इंचांची मॅट प्रिंट, वेटिंग रूमच्या भिंतीवर 20 × 30, आणि तिथल्याच टीव्हीवर फिरत्या फोटोंमध्ये हा एक. 12 × 18 मी घरी 13 × 19 च्या कॉटन मॅट कागदावर काढते. मोठी प्रिंट ठाण्यातल्या लॅबमधून.

पहिल्या फेरीत मी जे केलं ते बरेच जण करतात. फोटोशॉपमध्ये पूर्ण आकाराच्या फाइलवर `Unsharp Mask` मारला, `Radius` 2, 100 टक्के झूमवर बघत बघत `Amount` वाढवला, आणि ‘फायनल’ नावाने TIFF सेव्ह केली. तिन्ही गोष्टी त्या एका फायनलमधून निघाल्या. मॅट मऊ आली, टीव्हीवर पाण्याच्या लाटांच्या कडा चमचम करायला लागल्या, आणि 20 × 30 ग्लॉसी बघून मॅडम म्हणाल्या, “अगं, याच्या मानेला खडूने बॉर्डर काढलीय का कुणी?”

दोन पिक्सेल म्हणजे किती मिलिमीटर

सगळा घोळ या प्रश्नात आहे. शार्पनिंग म्हणजे फोटोत नवा तपशील येत नाही. कडेच्या गडद बाजूला थोडं आणखी गडद आणि फिक्या बाजूला थोडं आणखी फिकं केलं जातं. या पट्ट्यांना हॅलो म्हणतात. हॅलो इतका बारीक हवा की डोळ्याला तो वेगळा दिसू नये, फक्त कडा ठसठशीत वाटावी. आणि डोळा पिक्सेल मोजत नाही. त्याला कागदावरचा मिलिमीटर दिसतो.

माझ्या फायनलमध्ये `Radius` 2 पिक्सेल होता. 6000 पिक्सेल 18 इंचांवर पसरले की इंचाला 333 पिक्सेल होतात, म्हणजे 2 पिक्सेल साधारण 0.15 मिमी. तेच 6000 पिक्सेल 30 इंचांवर पसरले की इंचाला 200 उरतात, आणि तेच 2 पिक्सेल 0.25 मिमी होतात. हॅलो कडेच्या दोन्ही बाजूंना असतो, त्यामुळे 20 × 30 वर मिळून अर्धा मिलिमीटर. हातभर अंतरावरून ही रेघ स्पष्ट दिसते, त्यात मागचं पाणी सपाट राखाडी असेल तर विचारूच नका. टीव्हीसाठी फाइल 1080 पिक्सेल उंचीची केली तेव्हा तोच हॅलो अर्ध्या पिक्सेलवर आला. म्हणजे तिथे मी मारलेलं शार्पनिंग जवळपास विरूनच गेलं होतं. चमचम दुसऱ्याच कारणाने होती, ते पुढे सांगते.

छपाईवाल्यांचा जुना ठोकताळा आहे की ppi, म्हणजे इंचाला जितके पिक्सेल तो आकडा, 200 ने भागा आणि तेवढा `Radius` ठेवा. 300 ppi ला 1.5. फोटोशॉपमध्ये हाताने करणार असाल तर सुरुवातीला हा आकडा चांगला. पण आकार बदलून झाल्यावर. आधी शार्प करून मग आकार बदलला तर हिशोब मोडतो.

म्हणून पहिली दुरुस्ती: ‘फायनल’ फाइलमध्ये आउटपुट शार्पनिंग ठेवायचंच नाही. लाइटरूमच्या `Detail` पॅनेलमधलं साधं शार्पनिंग राहू द्या. रॉ फाइलला, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ फाइलला, तिथे `Amount` 40, `Radius` 1.0 असं आपोआप लागलेलं असतं आणि ते लेन्स-सेन्सरचा मऊपणा काढण्यापुरतंच आहे. या फोटोत मी फक्त `Masking` 60 च्या आसपास नेला. Alt दाबून तो स्लायडर ओढला की पडदा काळा-पांढरा होतो, आणि पांढऱ्या भागालाच शार्पनिंग लागतं. पाणी काळं झालं, मान आणि पिसं पांढरी राहिली, तिथे थांबले. नाहीतर पाण्यातला नॉइज 20 × 30 वर रव्यासारखा दिसतो. बाकीचं शार्पनिंग प्रत्येक प्रिंटच्या एक्स्पोर्टच्या वेळी, त्या आकारासाठी, त्या कागदासाठी.

जुन्या TIFF मध्ये आधीच मारून ठेवलेलं असेल तर ते काढता येत नाही. रॉकडे परत जावं लागतं. मी गेले, दोन तास गेले.

‘मॅट’ या शब्दाने खाल्लेली दुसरी फेरी

लाइटरूमच्या एक्स्पोर्ट खिडकीत `Output Sharpening` मध्ये `Sharpen For` ला तीन पर्याय येतात: `Screen`, `Matte Paper`, `Glossy Paper`. शेजारी `Amount`: `Low`, `Standard`, `High`. दिसायला इतकं सोपं की त्यात चूक करायला जागाच नाही असं वाटतं.

ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकत होती, म्हणून मॅडमनी मोठी प्रिंट मॅटमध्ये मागितली. लॅबच्या दरपत्रकावर ‘मॅट’ लिहिलेलं. मी नवीन, न शार्प केलेल्या फाइलमधून `Matte Paper`, `High` निवडलं. प्रिंट आली आणि रेघ आधीपेक्षा ठळक.

इथे मला कळलं ते असं. लाइटरूमला `Matte Paper` म्हणजे इंकजेटचा शोषणारा कागद अपेक्षित आहे. अशा कागदात शाई तंतूंमध्ये आणि वरच्या लेपात मुरते, थेंब पसरतो, खरबरीत पृष्ठभाग प्रकाश चहूकडे फेकतो. कडा तिथेच बोथट होते. म्हणून सॉफ्टवेअर मुद्दाम जोरकस हॅलो देतं, कारण त्यातला बराचसा कागद गिळणार आहे. ग्लॉसी इंकजेट कागदात शाई वरच्या लेपातच अडकते, थेंब जागच्या जागी राहतो, म्हणून तिथे कमी पुरतं.

लॅबचा मॅट यातला नाहीच. तो केमिकलमध्ये धुतला जाणारा फोटो पेपर आहे. त्यावर शाईचा थेंब पडत नाही, लेसरने उजेड पडतो आणि रंग कागदाच्या इमल्शनमध्ये तयार होतो. ग्लॉसी आणि मॅट यांत फरक फक्त वरच्या पोताचा. पसरायला तिथे काही नाहीच, त्यामुळे `Matte Paper` ने दिलेला जास्तीचा हॅलो कुणी गिळत नाही. तो जसाच्या तसा भिंतीवर लागतो. लॅबचा मॅट, लस्टर, सिल्क, सगळ्यांना `Glossy Paper` निवडायचं.

हातातला कागद कोणत्या जातीचा आहे हे नावावरून कळत नाही. मी एक साधी युक्ती वापरते. वाया गेलेल्या प्रिंटच्या कोपऱ्यावर बोटाने पाण्याचा एक थेंब ठेवायचा. माझ्या कॉटन मॅटवर तो काही सेकंदांत पसरला, कागद गडद झाला आणि पुसल्यावर डाग राहिला. लॅबच्या मॅटवर थेंब मोत्यासारखा बसून राहिला, टिशूने टिपला तर खाली काहीच नाही. कोपरा फाडूनही कळतं: लॅबच्या कागदाला प्लॅस्टिकचा थर असतो, तो ताणून फाटतो. मॅट म्हणून मिळालेल्या कागदात थेंब मुरला तर `Matte Paper`. बसून राहिला तर `Glossy Paper`, मग दुकानदार त्याला काहीही म्हणो.

अल्बमवाले ग्लॉसीवर मॅट लॅमिनेशन चढवतात, तो तिसरा प्रकार. फिल्ममुळे थोडा कॉन्ट्रास्ट जातो, पण फिल्मखालचा कागद पसरत नाही. त्यालाही मी `Glossy Paper` च ठेवते, फार तर `Amount` एक पायरी वर.

याच खिडकीतली आणखी एक जागा बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते: `Resolution`. कागदासाठीचं शार्पनिंग किती रुंद करायचं हे लाइटरूम या आकड्यावरून ठरवतं. तिथे वेबचा जुना 72 राहून गेला आणि फाइल 300 ने छापली तर हिशोब पूर्ण चुकतो. आधी `Resize to Fit` मध्ये इंच भरा, मग 300. लॅबला एकदा विचारून घ्या. बहुतेक जण 300 सांगतात, काही मोठी मशिनं 254 वर चालतात.

चार तुकड्यांची चाचणी

तरीही प्रश्न राहिला की `Standard` की `High`, आणि `Glossy` निवडूनही रेघ आली तर काय. पडद्यावर याचं उत्तर मिळत नाही. लाइटरूम आउटपुट शार्पनिंग पडद्यावर दाखवतच नाही, आणि एक्स्पोर्ट झालेली फाइल 100 टक्के झूमवर उघडली तर कागदासाठीची फाइल बटबटीतच दिसते. ती तशी दिसायलाच हवी. तिथे बघून घाबरून कमी केलं की मॅटवर मऊ येते. मी वर्षभर नेमकं हेच करत होते.

म्हणून एकदाच, त्या कागदासाठी, 8 × 12 ची एक प्रिंट काढा. पद्धत अशी: फोटो अंतिम आकारात 300 ppi ला चार वेळा एक्स्पोर्ट करा. एकदा आउटपुट शार्पनिंगचा चौकोन रिकामा ठेवून, मग `Low`, `Standard`, `High`. चारही फाइलींतून एकाच जागेचा 6 × 4 इंचांचा तुकडा कापा, म्हणजे 1800 × 1200 पिक्सेल, आकार न बदलता. मी मान आणि चोच जिथे पाण्याला लागते तो भाग घेतला, कारण तिथे एक कडक कडा, बारीक पिसं आणि सपाट पाणी तिन्ही एकत्र होते. चार तुकडे जोडले की बरोबर 12 × 8 होतात. प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात नाव टाका. मी पहिल्यांदा टाकलं नाही आणि प्रिंट हातात आल्यावर कोणतं कोणतं ते कळेना. मग ही शीट पुन्हा शार्पनिंग न लावता छापायची.

घरच्या मॅटवर निकाल स्पष्ट होता. रिकामा आणि `Low` दोन्ही मऊ, `Standard` बरा, `High` वर पिसं सुटी झाली आणि मानेला रेघ नाही. लूप, म्हणजे छोटं भिंग, लावून बघितलं तर हॅलो होता, पण कागदात मुरून करडा झालेला.

लॅबच्या शीटने मात्र चकवलं. चारही तुकड्यांवर रेघ. रिकाम्या तुकड्यावरसुद्धा! मी शार्पनिंग केलेलंच नाही, तर हॅलो आला कुठून? शीट घेऊन लॅबमध्ये गेले. काउंटरवरच्या दादांनी ती उजेडाकडे धरली आणि म्हणाले, “ताई, आमच्या मशिनला ऑटो शार्पनेस चालू असतो. लोक मोबाइलचे फोटो आणतात ना, त्यांना आवडतं. तुम्ही आधी बोलायला हवं होतं.” त्यांनी तो आणि ऑटो करेक्शन दोन्ही बंद करून शीट पुन्हा काढली. रिकामा तुकडा स्वच्छ, थोडा मऊ. `Standard` वर मान ठसठशीत, रेघ नाही. `High` वर लांबून बरा पण जवळून पाण्यात किरकिर. 20 × 30 मग `Glossy Paper`, `Standard` वर काढली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फाइलच्या नावात `NO_CORRECTION` असतं, आणि तरीही मी काउंटरवर तोंडाने सांगते, कारण फाइलचं नाव कुणी वाचेल याची खात्री नाही.

रिकामा तुकडा वगळू नका. वाटेत दुसरं कुणी शार्प करतंय का हे सांगणारा तो एकमेव साक्षीदार आहे. दुसरं कुणी म्हणजे कधी आपणही असतो: एक्स्पोर्टमध्ये शार्पनिंग लावलेली TIFF पुन्हा लाइटरूममध्ये आणून `Print` मॉड्यूलमधून छापली आणि तिथेही `Print Sharpening` चालू असलं तर दोनदा लागतं. उलट प्रकारही होतो. `Draft Mode Printing` वर टिक राहिली तर लाइटरूम साठवलेला प्रीव्ह्यू छापतं आणि शार्पनिंग अजिबात लागत नाही. `Low` आणि `High` मध्ये काहीच फरक दिसत नसेल तर आधी ती टिक बघा.

मॅट मऊ दिसते, पण दोष शार्पनिंगचा नसतो तेव्हा

`High` लावूनही केबिनमधली प्रिंट मॅडमना पडद्यापेक्षा झोपलेली वाटली. इथे आणखी शार्प करायचा मोह होतो. तो आवरा आणि लूप लावा. कडा सुटी दिसते का? माझी दिसत होती. म्हणजे शार्पनिंग पुरेसं होतं, कमी होता तो काळा. मॅट कागदाचा सर्वांत गडद काळाही ग्लॉसीच्या मानाने कोळशासारखा राखाडी असतो, आणि काळ्या-पांढऱ्यातलं अंतर घटलं की डोळ्याला तीच गोष्ट मऊ वाटते. माझ्या फोटोत तर खाडीवरच्या धूसर हवेने मुळातच अंतर कमी होतं.

`Develop` मध्ये S दाबून सॉफ्ट प्रूफ चालू करा, त्या कागदाचा प्रोफाइल निवडा आणि `Simulate Paper & Ink` वर टिक करा. फोटो एकदम फिका पडेल, धक्का बसेल, पण कागदावर तसाच येणार आहे. `Create Proof Copy` करून त्या प्रतीवर `Blacks` थोडे खाली आणि `Clarity` 10-12 वर नेली. मूळ फोटोला हात लावला नाही, कारण टीव्हीसाठी तोच जाणार होता. प्रिंट सुधारली, शार्पनिंग तेवढंच ठेवून.

याआधी दोन गोष्टी तपासायला विसरू नका, कारण त्यांच्यापुढे कोणतंही सेटिंग चालत नाही. प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार ग्लॉसी राहिला असेल तर शाईचं प्रमाण चुकतं, आणि ज्या प्रिंटरला मॅटसाठी वेगळी काळी शाई आहे तो चुकीची काळी वापरतो. दुसरं, मॅट कागदाला बऱ्याचदा एकाच बाजूला लेप असतो. उलटी बाजू वर लागली की शाई टीपकागदावर पडल्यासारखी पसरते. ओठ किंचित ओला करून कोपऱ्याला लावला तर लेपाची बाजू हलकी चिकटते. जुलैमध्ये आमच्याकडे उघडा ठेवलेला कागद दमट होतो आणि चांगल्या बाजूवरही कडा फुटतात, त्यामुळे पाकीट वापरून झालं की लगेच चिकटपट्टी आणि आत सिलिका जेलच्या पुड्या.

टीव्हीची चमचम

हे लवकर सुटलं. फाइल 1920 × 1080 मध्ये बसवून `Screen`, `Standard` वर एक्स्पोर्ट केली. पडद्यासाठी आकार लहान होताना जो मऊपणा येतो तेवढाच भरून काढायचा असतो, त्याहून जास्त नको. तरी चमचम राहिली. तेव्हा एका करड्या पाटीवर काळी रेघ काढून ती JPEG टीव्हीवर लावली. रेघेच्या दोन्ही बाजूंना पांढरी किनार. माझ्या फाइलमध्ये किनार नव्हती, म्हणजे ती टीव्ही स्वतः काढत होता. रिमोटवरून शार्पनेस खाली आणत गेले आणि किनार गेली तिथे थांबले. त्या टीव्हीवर तो आकडा 0 आला. काही टीव्हींवर मधला आकडा तटस्थ असतो आणि त्याखाली गेलं की चित्र मुद्दाम मऊ होतं, म्हणून आकड्याकडे न बघता रेघेकडे बघा.

मॅडमनी मधेच चॅटवर आलेली प्रत मोबाइलवर बघून “पिसं दिसत नाहीयेत गं” असं कळवलं होतं. ती प्रत वाटेत दाबून लहान झालेली होती. तिच्यावरून काहीही बदलू नका. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मग विचारा.